दोन्ही फॉर्म एकाच पेनाने भरले होते

कुपोषण ओळखायचं नवं स्क्रीनिंग टूल तपासायचं, हा माझा प्रोजेक्ट. टूलमध्ये चारच प्रश्न होते, आणि तुलना करायची होती एसजीएशी, म्हणजे आहाराचा इतिहास, वजनातली घट आणि अंगावरची चरबी-स्नायू हाताने तपासून केलेल्या पूर्ण मूल्यमापनाशी. पहिल्या 30 पेशंटांचे निकाल इतके तंतोतंत जुळले की मी खूश होते. गाईड मॅडमनी फॉर्म उलटेपालटे केले आणि एवढंच विचारलं, "दोन्ही तूच भरलेस ना?"

टूलचं उत्तर डोक्यात असताना एसजीए केलं की हात आपसूक त्याच बाजूला झुकतो. ते 30 पेशंट बाद केले. मग टूल वॉर्डच्या सिस्टर भरू लागल्या आणि एसजीए मी, एकमेकींचा कागद न बघता, 24 तासांच्या आत. आणखी एक मोह टाळावा लागला. टूलमध्ये कुपोषित निघालेल्यांचंच एसजीए केलं असतं तर वेळ वाचला असता, पण मग टूलकडून सुटलेले कधी कळलेच नसते.

हिशेबासाठी आकडे थोडे गोल करून सांगते. 120 पेशंट, एसजीएप्रमाणे 40 कुपोषित. त्यांतले 34 टूलने पकडले, म्हणून सेन्सिटिव्हिटी 85 टक्के. उरलेल्या 80 पैकी 60 जणांना टूलने बरोबर सोडलं, स्पेसिफिसिटी 75 टक्के. स्क्रीनिंगमध्ये मी पहिलीला जास्त मान देते. 20 जणांची उगाच पूर्ण तपासणी होणं परवडतं, पण सुटलेल्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. मात्र 85 हा आकडा फक्त 40 जणांवर उभा आहे. त्याचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण 71 ते 93 येतो, तो शेजारी लिहायलाच हवा.

दोघींचं मत 94 ठिकाणी जुळलं, म्हणजे 78 टक्के. पण बहुतेक पेशंट धडधाकट असले की निव्वळ योगायोगानेही बरंच जुळतं. इथे तसं जुळणं 52 टक्के निघालं. कप्पा नावाचा आकडा ते योगायोगाचं जुळणं वजा करून उरलेलं मोजतो:

```
(0.783 - 0.517) / (1 - 0.517) = 0.55
```

म्हणजे मध्यम. मी जरा हिरमुसले, खरं सांगायचं तर.

मग सुटलेल्या सहा जणांचे कागद काढले. चौघांच्या पायांना सूज किंवा पोटात पाणी होतं. काट्यावर वजन घटलेलं दिसतच नव्हतं, आणि टूलचा सगळा भार वजनावर. एसजीए करताना मात्र दंडाचे स्नायू हाताला लागत नव्हते, गालफडं बसलेली दिसत होती.

सुजेचा प्रश्न घालून त्याच 120 जणांवर पुन्हा आकडे काढायची मला घाई झाली होती. मॅडमनी थांबवलं. ज्यांच्याकडे बघून प्रश्न सुचला त्यांच्यावरच तो तपासला तर आकडा सुधारणारच. नवा प्रश्न घातला की टूल नवं झालं, आणि त्याला नवे पेशंट हवेत.