पिंग चांगला, फाइल मात्र रांगते: काट्यावरच्या पोर्टाची गोष्ट

नेटवर्कच्या नोकरीतला माझा पहिला गाळप हंगाम लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर गेला. गेटजवळच्या वजनकाट्याच्या केबिनमधला पीसी रोज सकाळी ऑफिसच्या सर्व्हरवरून ऊस नोंदणीची यादी उतरवून घ्यायचा. फाइल साधारण चाळीस एमबीची. 100 एमबीपीएसच्या लिंकवर तिला चार-पाच सेकंद पुरेत, पण तिला वीस मिनिटं लागायची. बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग, आणि काटेवाले मामा माझ्याकडे बघत बसलेले.

मी पिंग मारला. चार पाकिटं गेली, चारही आली, एकेक मिलिसेकंदात. मग केबल टेस्टर लावला, दोन्ही टोकांचे आरजे-45 नव्याने क्रिंप केले, शेवटी सत्तर मीटरची केबलच बदलली. दिवस संपला, फरक शून्य. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "केबल कशाला बदलायलास? स्विचवर पोर्ट हाफ आहे का फुल, ते आधी बघ की."

स्विच सिस्कोचा होता. `show interfaces status` मध्ये त्या पोर्टाची ओळ अशी:

```
Fa0/7   connected   1   a-half   a-100   10/100BaseTX
```

`a-` म्हणजे स्विचने हे स्वतः ठरवलं. वेग 100 बरोबर, पण डुप्लेक्स, म्हणजे दोन्ही टोकांनी एकाच वेळी बोलायचं की पाळीपाळीने, ते हाफ, म्हणजे पाळीपाळीने. `show interfaces fa0/7` मध्ये पुढची खूण होती:

```
0 babbles, 1976 late collision, 0 deferred
```

आता पीसी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या अॅडव्हान्स्ड टॅबवर `Speed & Duplex` समोर `100 Mbps Full Duplex` निवडलेलं. आधीच्या कुणीतरी "फुल म्हणजे फास्ट" असं समजून ते ठोकून बसवलं होतं.

कार्डावर वेग-डुप्लेक्स असा पक्का केला की बहुतेक वेळा त्याचं ऑटो-निगोशिएशन बंद पडतं. स्विच ऑटोवर असला तरी समोरून वाटाघाटीला कुणी येतच नाही. सिग्नलवरून त्याला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही. अशा वेळी हाफ धरायचं, हा इथरनेटचा नियमच आहे. म्हणजे स्विच इथे चुकलेला नव्हता.

हाफवाला आधी ऐकतो, मग बोलतो, आणि बोलताना समोरून आवाज आला तर टक्कर समजून थांबतो. फुलवाल्याला ऐकायची गरज नसते, तो कधीही बोलतो. फाइल उतरताना स्विच मोठ्या फ्रेम पाठवत असतो आणि पीसी मध्येच टीसीपीची पोच पाठवतो. सगळं नीट असेल तर टक्कर पहिल्या 64 बाइटांतच व्हायला हवी. इथे स्विचची फ्रेम 64 बाइटांच्या पुढे गेल्यावरही पोच येऊन आदळते, आणि स्विच तिला लेट कोलिजन म्हणून मोजतो. अर्धवट तुटलेली फ्रेम पीसीवर पोचते ती सीआरसी, म्हणजे फ्रेम शाबूत आहे का ते तपासायचा आकडा, बिघडलेली, म्हणून कार्ड ती टाकून देतं. पीसीवर `netstat -e` चालवलं तर `Errors` समोर आकडा वाढताना दिसायचा. तो बघूनच मी केबलला दोष दिला होता. टीसीपीला हरवलेलं पुन्हा पाठवावं लागतं, त्यात वेळ जातो. पिंगमध्ये एक पाकीट जातं, मग उत्तर येतं, दोघं एकाच वेळी बोलत नाहीत. म्हणून तो निर्दोष दिसतो.

म्हणजे सीआरसीच्या चुका एकट्या दिसल्या तर केबल तपासा. पण एका टोकाला लेट कोलिजन आणि दुसऱ्या टोकाला सीआरसी अशी जोडी दिसली, तर क्रिंपर बाजूला ठेवा आणि दोन्हीकडचं डुप्लेक्स वाचा. लेट कोलिजन शंभर मीटरहून लांब केबलवरही येऊ शकतं, पण त्यात दोन्ही टोकं हाफ असायला लागतात. दोन सिस्को स्विचमध्ये डुप्लेक्सचा असा घोळ झाला तर सीडीपी हा सिस्कोचा शेजारी ओळखणारा प्रोटोकॉल लॉगमध्ये ओरडून सांगतो. पीसीच्या कार्डाबाबत तो गप्प असतो, आकडे आपणच बघायचे.

कार्ड `Auto Negotiation` वर आणलं. लिंक क्षणभर पडून परत आली आणि स्विचवर `a-full` दिसलं. जुन्या आकड्यांनी गोंधळ नको म्हणून `clear counters fa0/7` केलं आणि यादी पुन्हा उतरवली. पाच सेकंद. लेट कोलिजन शून्य.

स्विचचा पोर्टही 100 फुलवर बसवला असता तर तेही चाललं असतं. मी ते टाळलं. पुढच्या हंगामात कुणी नवा पीसी लावला असता तर तो ऑटोवर आला असता, आणि मग हाफवर तो पडला असता. गिगाबिटच्या तांब्याच्या लिंकला तर ऑटो-निगोशिएशन लागतंच.

यादी उतरल्याचं मामांना पटेना. "एवढ्यात? अर्धीच आली असंल," म्हणून त्यांनी शेवटच्या गावाचं नाव स्क्रोल करून बघितलं आणि मगच पहिली बैलगाडी काट्यावर घेतली.