रिग्रेशनमधली मल्टिकोलिनिॲरिटी सर्वांत छोट्या आयगेन व्हॅल्यूवरून कशी ओळखावी

रिग्रेशनचा आर-स्क्वेअर ०.९९५ येतो आणि तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहगुणकापुढे उणे चिन्ह असतं. म्हणजे उत्पन्न वाढलं की रोजगार घटतो, असं मॉडेल सांगतं! जेम्स लाँगली यांनी १९६७ साली संगणक प्रोग्रामांची अचूकता तपासायला वापरलेल्या आकडेवारीत हेच घडतं. याचं कारण मल्टिकोलिनिॲरिटी, म्हणजे घटक एकमेकांशी इतके बांधलेले असणं की प्रत्येकाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. अमेरिकेची १९४७ ते १९६२ अशी १६ वर्षं, एकूण रोजगार आणि तो समजावून सांगणारे सहा घटक: किंमत निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, बेरोजगार, सैन्यदल, लोकसंख्या आणि वर्ष. ही आकडेवारी आर भाषेत आयतीच असते, म्हणून तिच्यावरच काम करू.

आधी एकके काढून टाका. घटकांचे आकडे स्तंभांत मांडलेल्या मॅट्रिक्सला X म्हटलं आणि X'X हा मॅट्रिक्स थेट घेतला तर आयगेन व्हॅल्यू एककांप्रमाणे बदलतात. उत्पन्न अब्जांऐवजी लाखांत लिहिलं की सगळे आकडे उलटेपालटे होतात. त्यामुळे प्रत्येक घटकातून त्याची सरासरी वजा करायची आणि प्रमाण विचलनाने भागायचं. असं केल्यावर X'X म्हणजे, एका स्थिर गुणकाचा फरक सोडला तर, सहसंबंधांचा मॅट्रिक्सच असतो.

```r
e <- eigen(cor(longley[, 1:6]))
e$values
sqrt(max(e$values) / e$values)
e$vectors[, 6]
```

मग आयगेन व्हॅल्यू वाचा. इथे त्या सुमारे ४.६०३, १.१७५, ०.२०३, ०.०१४९, ०.००२६ आणि ०.०००३८ येतात. बेरीज सहा, कारण घटक सहा. घटकांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता तर प्रत्येक व्हॅल्यू १ आली असती. शेवटच्या आकड्याचा अर्थ असा, की या सहा घटकांची एक विशिष्ट बेरीज-वजाबाकी केली तर तिचं विचरण फक्त ०.०००३८ उरतं, म्हणजे ती जवळजवळ हलतच नाही. जी गोष्ट हलतच नाही, तिचा रोजगारावर काय परिणाम होतो हे आकडेवारीतून कसं कळणार? गणितात हे १/०.०००३८ अशा रूपात येतं: सहगुणकांच्या विचरणात त्या दिशेचा वाटा सुमारे २,६५० पटीने मोजला जातो.

छोटी म्हणजे किती छोटी? कोडमधली तिसरी ओळ सर्वांत मोठ्या व्हॅल्यूला प्रत्येक व्हॅल्यूने भागून वर्गमूळ काढते. याला कंडिशन इंडेक्स म्हणतात. इथे शेवटचे तीन सुमारे १८, ४२ आणि ११० येतात. ३० च्या वर गेला की गंभीर समजावं, असा प्रघात आहे. माझ्या मते ३० ला फार कवटाळू नये. २८ आणि ३२ मध्ये काही फरक नसतो, ११० मात्र कुठल्याही मापाने वाईटच. शिवाय तो प्रघात सरासरी वजा न करता, स्थिरांकाचा स्तंभही धरून केलेल्या मोजणीसाठी आहे. तशी मोजणी केली तर याच आकडेवारीत इंडेक्स ४३ हजारांच्या वर जातो, कारण १९४७ ते १९६२ हे आकडे स्थिरांकापासून फारसे वेगळे दिसत नाहीत. तो आकडा बघून घाबरण्याआधी आपण कोणती मोजणी केली ते पाहावं.

गुंता कोणाकोणात आहे? हे शेवटचा आयगेन व्हेक्टर सांगतो, आणि पुष्कळ जण इथपर्यंत येतच नाहीत. त्यात राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा ०.८ च्या आसपास असतो आणि वर्षाचा ०.४ हून मोठा, पण विरुद्ध चिन्हाचा. (आख्ख्या व्हेक्टरचं चिन्ह सॉफ्टवेअरप्रमाणे उलटू शकतं, त्याला अर्थ नाही.) म्हणजे युद्धोत्तर काळात उत्पन्न वर्षागणिक इतक्या सरळ रेषेत वाढत गेलं, की दोघांचा परिणाम वेगळा काढता येत नाही. इतर घटकांशी असलेल्या संबंधामुळे सहगुणकाचं विचरण किती पटीने फुगतं, ते व्हीआयएफ सांगतो. उत्पन्नाचा व्हीआयएफ १,७८८ आहे आणि त्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग या एकाच दिशेतून येतो. उणे चिन्हाचं मूळ हेच: तो सहगुणक −०.०३६ आहे आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.०३३, म्हणजे शून्यापासून तो वेगळा म्हणता येत नाही. सैन्यदलाचा व्हीआयएफ मात्र ३.६ च आहे. त्याच्या सहगुणकाला या गुंत्याची फारशी झळ नाही.

दोनदोन घटकांचे सहसंबंध पाहून हे दरवेळी सापडत नाही. तीन-चार घटक मिळून एकमेकांना बांधून ठेवतात आणि कुठल्याही जोडीत ते ठळक दिसत नाही. आयगेन व्हॅल्यू मात्र तेही पकडते. ती १e-१७ सारखी, किंवा किंचित उणे आली, तर ते खरं शून्यच समजावं. अशा वेळी बहुधा टक्केवारीचे सगळे भाग किंवा सगळ्या गटांचे डमी, स्थिरांक असतानाही, मॉडेलमध्ये घातलेले असतात. त्यातला एक काढला की काम होतं.

लाँगलींच्या आकडेवारीत तसं नाही, इथे निवड करावी लागते. उत्पन्नाला किंमत निर्देशांकाने भागून खरं उत्पन्न घ्यावं, किंवा वर्ष वगळावं, आणि आयगेन व्हॅल्यू पुन्हा काढून पाहाव्यात. फक्त अंदाज बांधायचा असेल आणि पुढेही हे घटक असेच एकत्र चालणार असतील, तर काहीच न केलं तरी चालतं.