मूल पोटातच गेलं, तेव्हा नवऱ्याने बोलताना या चुका टाळा

सोनोग्राफीच्या टेबलापाशी डॉक्टर "ठोके दिसत नाहीत" म्हणतात, आणि पुढच्या अर्ध्या तासात नवऱ्याच्या तोंडून जवळजवळ ठरलेली वाक्यं निघतात. "होईल गं पुन्हा." "निदान लवकर कळलं." "रडू नको, त्रास होईल." तो प्रेमानेच बोलत असतो. पण बायकोला त्या दिवसातलं बाकी सगळं पुसट आठवतं आणि ही वाक्यं मात्र शब्दन् शब्द लक्षात राहतात. इथे पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भाबद्दलच लिहितो आहोत, कारण बहुतेक गर्भपात १२ आठवड्यांच्या आत होतात. घरच्यांना सर्वांत जास्त घाईही याच वेळी सुटते: "एवढुसंच तर होतं."

सर्वांत मोठी चूक म्हणजे "पुन्हा होईल."

हे वाक्य चुकीच्या वेळी येतं. गर्भाची वाढ थांबली तरी शरीराला ते लगेच कळत नाही. गर्भारपणाचं संप्रेरक रक्तातून उतरायला काही आठवडे जातात. तोवर मळमळ राहू शकते, छाती दुखू शकते, घरी केलेल्या चाचणीत दोन रेघाही दिसू शकतात. म्हणजे ती अजून याच गर्भारपणाच्या आत आहे, पॅड बदलते आहे, आणि नवरा पुढच्या बाळाबद्दल बोलतो आहे. तिला त्यातून एवढंच ऐकू येतं की हे बाळ त्याच्या हिशेबातून गेलंसुद्धा. शिवाय हे वचन आहे, आणि ते पाळणं त्याच्या हातात नाही.

त्याऐवजी म्हणा, "हे बाळ हवं होतं आपल्याला." एवढंच म्हणून थांबा. हे खरं आहे, त्यात कसलं वचन नाही, आणि "आपल्याला" या शब्दाने तिचं एकटेपण थोडं कमी होतं. पुढच्या वेळचा विषय तिने काढला तर बोला. नाही काढला, तर पहिली पाळी येऊन जाईपर्यंत तुम्ही काढू नका. ती साधारण चार ते सहा आठवड्यांनी येते. बीज त्याआधी, अगदी दोन आठवड्यांतही सुटू शकतं. त्यामुळे संबंध कधी ठेवायचे आणि तोवर काय वापरायचं हे डॉक्टरांना जरूर विचारा. तो वेगळा, व्यवहाराचा प्रश्न आहे. त्याला सांत्वनात मिसळू नका.

"निदान"ने सुरू होणारं कुठलंही वाक्य तोंडातच थांबवा. "निदान दिवस राहतात तरी", "निदान पहिलं मूल आहे ना" ही सगळी एकाच जातीची. ज्याचं दुःख आहे त्याने स्वतः "निदान" म्हटलं तर ते त्याचं समाधान. दुसऱ्याने म्हटलं की तो हिशेब होतो.

दुसरी चूक अधिक खोल आहे. "माझं काय चुकलं?" हा प्रश्न ती विचारणारच. एकदा नाही, दहा वेळा. नवरे तो एक तर टाळतात, नाही तर त्यावर भाषण देतात.

एक उदाहरण पूर्ण बघू. शेवटच्या पाळीपासून मोजून १० आठवडे १ दिवस झाले होते. पहिली सोनोग्राफी ६ आठवडे ४ दिवसांना झाली होती. तेव्हा ठोके होते आणि वाढ तारखेशी जुळत होती. दुसऱ्या सोनोग्राफीत ठोके नव्हते आणि गर्भाचं माप ८ आठवडे २ दिवसांचं आलं. परत येताना रिक्षात तिने विचारलं, "तीन दिवसांपूर्वी मी पाण्याची बादली उचलून गच्चीवर नेली, म्हणून झालं का रे?" तो म्हणाला, "अगं, ते सोड आता. डॉक्टर म्हणालेत, काही दिवसांनी पुन्हा बघू." आठवडाभरात तिने बादलीचा विषय चार-पाच वेळा काढला. शेवटी तो म्हणाला, "किती वेळा तेच तेच?" त्यानंतर तिने विचारणं बंद केलं. त्याला वाटलं, सावरली. प्रत्यक्षात तिने एकटीने निकाल लावून टाकला होता की बादलीमुळेच झालं आणि नवऱ्यालाही तसंच वाटतं, म्हणून तो बोलत नाही.

उत्तर त्याच्या हातातल्या फाइलीत होतं. १० आठवडे १ दिवस वजा ८ आठवडे २ दिवस म्हणजे १३ दिवस. बाळाची वाढ जवळजवळ तेरा दिवसांपूर्वीच थांबली होती आणि बादली उचलून तीन दिवस झाले होते. पहिली सोनोग्राफी तारखेशी जुळलेली असल्यामुळे दिवस चुकीचे मोजले गेले असण्याचाही प्रश्न नव्हता. त्याने एवढंच म्हणायचं होतं: "बादलीमुळे नाही. बाळाची वाढ त्याच्या दहा दिवस आधीच थांबली होती. तुझ्यामुळे नाही झालं."

हे वाक्य एकदा ठरलं की बदलू नका. पाचव्यांदा विचारलं तरी तेच शब्द, त्याच आवाजात. दर वेळी नवं स्पष्टीकरण दिलं की तिला वाटतं आधीचं खोटं होतं. ती नवी माहिती मागत नसते. उत्तर अजून तेच आहे ना, हे ती तपासून बघत असते. सांत्वनात सातत्य म्हणजे हेच. घाई असलेल्यांना नेमकं हेच जमत नाही. त्यांना वाटतं, एकदा नीट समजावलं की विषय संपला.

वैद्यकीय बाजू तुम्हाला माहीत हवी, पण तिला ऐकवायला नको. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात, आणि तो दोष बहुधा योगायोगाने, गर्भ राहतानाच आलेला असतो. घरकाम, ऑफिस, स्कूटीवरचा प्रवास, जिना, संबंध यांनी निरोगी गर्भ पडत नाही. पुढच्या भेटीला डॉक्टरांना तिच्यासमोर दोन प्रश्न विचारा: वाढ कुठल्या आठवड्यात थांबली, आणि तिच्या एखाद्या वागण्यामुळे हे झालं का. दुसऱ्याचं उत्तर तिने डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं फार मोलाचं असतं. मात्र जे माहीत नाही ते ठासून सांगू नका. आधीही गर्भपात झालेले असतील, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल, किंवा तीन महिने उलटून गेलेले असतील, तर कारणं वेगळी असू शकतात. तेव्हाचं वाक्य असं: "कारण अजून कळलेलं नाही. विचारायला आपण दोघं जाऊ."

शब्द तिचाच वापरा. ती "बाळ" म्हणत असेल तर तुम्हीही बाळ म्हणा, ती "प्रेग्नन्सी" म्हणत असेल तर तेच. "क्युरेटिंग झालं", "पिशवी साफ केली" हे दवाखान्यातले शब्द घरात आणू नका.

"काही लागलं तर सांग" हे ऐकायला बरं, पण कामाचं नाही. काय लागेल हे ठरवण्याचं ओझं पुन्हा तिच्यावरच पडतं. "मऊ भात करू की खिचडी?" असं विचारा. मान हलवून उत्तर देता आलं पाहिजे.

चौथ्या दिवशी "आता बरं वाटतंय ना?" विचारू नका. त्यात होकाराची मागणी आहे. आठवड्याच्या आत महाबळेश्वरचं बुकिंग नको. फॉरवर्ड केलेले सुविचार तर अजिबातच नकोत.

तिला न विचारता वस्तू हलवू नका. तिसऱ्या महिन्यात आलेली चोरचोळी, सोनोग्राफीचा फोटो, मोबाइलमधलं आठवडे मोजणारं ॲप, यांतलं काय ठेवायचं हे तिने ठरवायचं. "हे कपाटात ठेवू की इथेच राहू दे?" एवढं विचारा. एक काम मात्र तुमचं. आशाताईंकडे नोंद झाली असेल तर त्यांना आणि आरोग्य केंद्राला स्वतः कळवा आणि नोंद बदलून घ्या. महाराष्ट्रात २०२४ पासून सुरू झालेल्या 'किलकारी' या गर्भवतींसाठीच्या सरकारी सेवेचे ध्वनिमुद्रित फोन चौथ्या महिन्यापासून दर आठवड्याला येतात. नोंद तशीच राहिली, तर बाळाच्या वाढीची माहिती सांगणारा फोन भलत्याच दिवशी वाजू शकतो.

नातेवाइकांशी तुम्ही बोला. निरोप आधी तिला दाखवा, मग पाठवा: "बाळ राहिलं नाही. ती विश्रांती घेते आहे. पंधरा दिवस फोन नको, कारणं विचारू नका." दारात आलेल्या आईने "पपई वगैरे खाल्ली होतीस का गं?" म्हटलं, तर मागाहून स्वयंपाकघरात समजावण्यात अर्थ नाही. तिथेच, आवाज न चढवता म्हणा: "आई, तिच्या खाण्यामुळे झालेलं नाही. हे तिला विचारू नकोस." बायकोच्या बाजूने बोललेलं हे एक वाक्य तिच्याशी बोललेल्या वीस वाक्यांपेक्षा जास्त कामाला येतं. ती नोकरी करत असेल तर रजेचं बोलणंही तुम्ही सुरू करून द्या. मातृत्व लाभ कायदा, १९६१ ने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं.

तुम्हालाही रडू येईल. ते लपवलं की तिला वाटतं, याला काही झालेलंच नाही. "मलाही त्याची आठवण येते" म्हणा. फक्त तुम्हाला सावरण्याचं काम तिच्यावर टाकू नका. त्यासाठी एखादा मित्र किंवा भाऊ ठेवा.

रोजचं एक असं करा: ठरलेल्या वेळी, समजा संध्याकाळच्या चहाला, दहा मिनिटं शेजारी बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. "मी इथे आहे. बोलायचं नसेल तरी चालेल." पहिल्या आठवड्यात ती काहीच बोलणार नाही, असं धरून चला. तरी नवव्या दिवशीही बसा. बहुतेक जण तिसऱ्या दिवशी उठून जातात आणि मग म्हणतात, ती बोलतच नाही.

काही वेळा शब्दांवर थांबून चालत नाही. तासाला दोन मोठे पॅड भिजू लागले आणि हे सलग दोन तास चाललं, १००.४ फॅरेनहाइटवर ताप गेला, किंवा स्रावाला दुर्गंधी आली, तर तडक दवाखाना. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे पहिल्याच दिवशी विचारा. द्यायचं असल्यास ते ७२ तासांच्या आत देतात. दोन आठवड्यांनंतरही झोप आणि जेवण सुटलेलंच असेल, तर डॉक्टरांना सांगा. "मी नसले तरी चालेल" असं ती एकदा जरी म्हणाली, तरी तिला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो.

आणि फाइलीवर लिहिलेली प्रसूतीची तारीख आजच आपल्या कॅलेंडरमध्ये टिपून ठेवा, तिच्या नाही. वरच्या उदाहरणात ती जवळजवळ सात महिने पुढे होती. तोवर सगळे विसरलेले असतात आणि ती एकटी दिवस मोजत असते. त्या दिवशी सकाळी कामावर निघण्याआधी म्हणा, "आजची तारीख माझ्या लक्षात आहे." मग लगेच निघू नका. अर्धा तास हाताशी ठेवा.