रंगवलेलं वाक्य म्हणजे पुरावा नव्हे: एआय रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

प्रबंध, निबंध, प्रोजेक्ट रिपोर्ट यांचे एआय तपासणीचे रिपोर्ट माझ्या टेबलावर वर्षभर येत असतात. मजकूर बहुतेक वेळा मिश्र असतो: काही परिच्छेद विद्यार्थ्याचे, काही यंत्राकडून लिहून घेतलेले. आणि वाचणारा प्रत्येक वेळी तेच करतो. वरचा टक्का बघतो, रिपोर्टने यंत्राचं म्हणून रंगवलेल्या वाक्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, "हे वाक्य तू लिहिलंस का यंत्राने?" या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टमध्ये नसतंच.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: गुण वाक्याला मिळतो असं समजणं

एका वाक्यात साधारण पंधरा-वीस शब्द असतात. तेवढ्या शब्दांवरून माणूस की यंत्र, हे ठरवणं कुठल्याही मॉडेलला भरवशाने जमत नाही. म्हणून एआय तपासणीची ही हत्यारं मजकुराचे तुकडे पाडतात. टर्निटिन या तपासणीच्या सॉफ्टवेअरने स्वतःची पद्धत सांगितली आहे ती अशी: काहीशे शब्दांचा, म्हणजे अंदाजे पाच ते दहा वाक्यांचा एक तुकडा. तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, म्हणजे प्रत्येक वाक्य आजूबाजूच्या मजकुरासकट तपासलं जातं. वाक्याला ० (माणसाचं) ते १ (यंत्राचं) मधला गुण मिळतो तो या संदर्भातून.

आता हे कागदावर करून बघा. मी नव्या परीक्षकांना हेच करायला लावतो. तीस वाक्यांचा उतारा घ्या. ११ ते १६ ही सहा वाक्यं यंत्राची, शिवाय २६ वं एकटं यंत्राचं, बाकी सगळी माणसाची. तुकडा पाच वाक्यांचा धरा आणि एकेक वाक्य पुढे सरका. सोपं जावं म्हणून असं माना की तुकड्यात दोन किंवा जास्त वाक्यं यंत्राची असली तर त्याला १, नाहीतर ०. खऱ्या मॉडेलचे गुण इतके ठोक नसतात, पण चाल हीच.

दहावं वाक्य पाच तुकड्यांत येतं: ६–१०, ७–११, ८–१२, ९–१३, १०–१४. पहिल्या दोघांना ०, पुढच्या तिघांना १. सरासरी ०.६. अर्ध्याच्या वर, म्हणजे रंगलं. वाक्य मात्र शंभर टक्के माणसाचं. दुसऱ्या टोकाला सतराव्या वाक्याचंही तेच. आणि सव्विसावं? ते ज्या तुकड्यात येतं तिथे यंत्राचं एकच वाक्य असतं, म्हणून प्रत्येक वेळी ०. यंत्राचं वाक्य कोरं सुटलं, माणसाचं रंगलं. धुण्यात लाल ओढणीचा रंग शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याला लागावा, तसं हे आहे.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. टर्निटिनने २०२३ मध्येच सांगितलं होतं की रंगवलेल्या वाक्यांपैकी सुमारे ४ टक्के माणसाची असू शकतात, आणि अशा चुकीने रंगलेल्या वाक्यांपैकी ५४ टक्के यंत्राच्या वाक्याला अगदी लागून असतात, आणखी २६ टक्के एक वाक्य सोडून. म्हणजे चूक कुठेही विखुरलेली नसते, ती सांध्यावर साचते. आणि मिश्र मजकुरात सांधेच सांधे असतात.

दुसरी चूक: रंगलेली वाक्यं काढून पुन्हा तपासायला टाकणं

यावर मी भांडलो आहे, पुढेही भांडेन. एका कॉलेजातली एमएची विद्यार्थिनी. प्रबंध इंग्रजीत, विषय गावातल्या जुन्या विहिरी. पूर्वसाहित्याचा एक परिच्छेद तिने यंत्राकडून लिहून घेतला होता आणि विचारल्यावर सरळ मान्यही केला. त्याच्या लगेच आधी तिची स्वतःची वाक्यं होती: कुठल्या विहिरीला किती पायऱ्या, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरतं, कुणाला विचारलं. त्यातलं शेवटचं वाक्य रंगलं. मार्गदर्शकांनी सांगितलं, "रंगलेलं तेवढं काढ आणि परत टाक." तिने ते काढलं. परत टाकल्यावर त्याच्या आधीचं वाक्य रंगलं. तेही काढलं, मग त्याच्याही आधीचं.

वरच्या गणितात बघा, असंच होणार. दहावं वाक्य काढलं की नववं त्याच्या जागी येऊन बसतं आणि त्याला तेच ०.६ मिळतात. त्या मुलीच्या शेतातल्या, विहिरीवरच्या नोंदी एकामागून एक गेल्या. यंत्राचा परिच्छेद जागेवरच राहिला, कारण तो "थोडा बदलून घेतला तर चालेल" असं ठरलं होतं. माझ्याकडे प्रबंध आला तेव्हा प्रबंधातला सगळ्यात मोलाचा भाग उडालेला होता. मी जुना मसुदा मागवून तो परत घालायला लावला आणि यंत्राचा परिच्छेद मुळापासून नव्याने लिहायला लावला.

टक्का उतरेपर्यंत वाक्यं खरवडत बसणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. उतावीळ विद्यार्थी ते करतात हे समजू शकतो. मार्गदर्शकांनी करायला सांगणं समजू शकत नाही.

माझी सवय अशी. रिपोर्टची काळी-पांढरी प्रिंट काढतो. रंगलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांची दोन-दोन वाक्यं पेन्सिलीने खोडून टाकतो, त्यांच्याबद्दल प्रश्नच विचारत नाही. मधे सलग काही उरलं तर त्या परिच्छेदाबद्दल बोलतो: ही माहिती कुठून आली, आधीचा मसुदा दाखव, गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर व्हर्जन हिस्ट्री उघड. एकेकटं रंगलेलं वाक्य मी मोजतच नाही.

तिसरी: एआयचा टक्का आणि साम्याचा टक्का एक समजणं

आपल्याकडे यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत साम्याचे स्तर आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४० पर्यंत पहिला स्तर, वगैरे. तेच आकडे लोक एआयच्या टक्क्याला लावतात. साम्याच्या रिपोर्टमध्ये रंगलेल्या ओळीसमोर मूळ स्रोत असतो, तो उघडून ताडून बघता येतो. एआयच्या रंगामागे ताडून बघण्यासारखं काहीच नसतं, फक्त मॉडेलचा अंदाज. शिवाय टर्निटिन २० टक्क्यांखालच्या एआय निकालाला आकडा न देता नुसती तारांकित खूण दाखवतं, कारण तिथे चुकीची शक्यता जास्त. मग "१० च्या आत आण" हा आग्रह कशासाठी?

चौथी: टक्का कशाचा ते न विचारणं

टर्निटिनमध्ये तो सलग गद्याचा किती वाटा यंत्राचा वाटतो, याचा असतो. तक्ते, मुद्द्यांच्या याद्या, कोड त्यात मोजले जात नाहीत. दुसऱ्या हत्यारात तोच आकडा मॉडेलच्या खात्रीचा असू शकतो. "४० टक्के" ऐकल्यावर आधी हत्याराचं मदतपान वाचा.

पाचवी: सीमारेषा अचूक असते असं मानणं

२०२४ च्या सेमइव्हल या भाषा-तंत्रज्ञानाच्या स्पर्धेत याच कामाचा एक भाग होता: मजकूर माणसाने सुरू केलेला, पुढे यंत्राने लिहिलेला, तर बदल कुठल्या शब्दाला झाला ते सांगा. गुण कसे दिले? उत्तर किती शब्दांनी चुकलं, यावर. तिथे सांधा एकच होता आणि तो आहे हे आधीच माहीत होतं. तुमच्यासमोरच्या प्रबंधात किती सांधे आहेत हे कुणालाच माहीत नसतं, तरी रंगाची कड पूर्णविरामाला अगदी काटेकोर थांबलेली दिसते. ती कड रिपोर्ट रंगवताना आखलेली असते, मोजून सापडलेली नसते.

सहावी: यंत्राने सुधारलेल्या वाक्यावर माणूस किंवा यंत्र असा एकच शिक्का मारणं

विद्यार्थ्याने लिहिलं, यंत्राने व्याकरण आणि शब्द बदलले. आता ते वाक्य कुणाचं? रंग दोनच आहेत, उत्तरं जास्त आहेत. इथे रिपोर्ट बाजूला ठेवा आणि तुमच्या विभागात कितपत सुधारणा चालते ते लेखी द्या, तेही प्रबंध सुरू होण्याआधी.