सोळा पिक्सेलात एकवीस पानं: लोगो लहान करताना शिकलेली गोष्ट

स्वतंत्र काम सुरू केल्यावर पहिल्या वर्षीच गुजरीतल्या एका सराफांचा लोगो मिळाला. कोल्हापुरी साज काढायचा हे त्यांचं आधीच ठरलं होतं. मी एकवीसच्या एकवीस पानं काढली, मधल्या पानावर नक्षीसुद्धा. बोर्डावर आणि कापडी पिशवीवर लोगो देखणा दिसला. पुढे वेबसाइट झाली. मी तोच लोगो लहान करून टॅबसाठी दिला. शेठजींनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, "यात साज कुठाय? डोळ्याला केस चिकटल्यागत दिसतंय की!"

घरी येऊन हिशोब मांडला. साध्या स्क्रीनवर टॅबमधलं चित्र १६ बाय १६ पिक्सेलचं असतं. त्यात साजाची कमान बसवली तर तिची लांबी जेमतेम ४० पिक्सेल भरते. एकवीस पानं आणि त्यांच्यामधल्या वीस फटी, म्हणजे एकेचाळीस तुकडे. पान आणि फट यांना प्रत्येकी एक पिक्सेलही पुरता मिळत नाही. मग ब्राउझर दोन्हींची सरासरी काढतो आणि सगळी कमान एकसारखी फिकट होते. फाइल कितीही स्वच्छ असली तरी यातून सुटका नाही.

म्हणून मी चौकटीच्या बाजूने विचार केला: सोळा पिक्सेलात किती पानं जगतील? प्रत्येक तुकडा किमान दोन पिक्सेलचा आणि दोन तुकड्यांत किमान एक पिक्सेलची फट, एवढंच ठरवलं. उत्तर आलं पाच. दोन्ही बाजूंना दोन-दोन मणी आणि मधोमध खाली मोठं पान.

इलस्ट्रेटरमध्ये १६ बाय १६ चा आर्टबोर्ड घेऊन ग्रिड चालू केली आणि दोन ठिकाणी अडखळलो. पहिलं मधलं पान. मी ते तीन पिक्सेल रुंद काढलं होतं. सोळा हा सम आकडा, त्याचा मध्य दोन पिक्सेलांच्या मधल्या रेषेवर येतो. त्यामुळे तीन रुंदीच्या पानाच्या दोन्ही कडा अर्ध्या पिक्सेलवर पडून धुरकट झाल्या. चार रुंदी केल्यावर कडा साफ झाल्या. दुसरं म्हणजे मणी. दोन पिक्सेल व्यासाचा गोल काढला की चारही पिक्सेल साधारण ७८ टक्केच भरतात, आणि मणी पुसट दिसतो. तिथे सरळ चौकोन काढायचा. त्या आकारात डोळ्याला तो गोलच वाटतो. (हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक अख्खी रविवार दुपार वाचली असती.)

मरून रंग गडद टॅबवर बुडत होता, म्हणून मागे मरून चौकोन भरून साज पिवळा केला. शेवटी `favicon.svg` एवढीच उरली:

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg" viewBox="0 0 16 16">
  <rect width="16" height="16" rx="3" fill="#7a1f2b"/>
  <path fill="#f4c542" d="M1 2h2v2H1z M4 5h2v2H4z
    M13 2h2v2h-2z M10 5h2v2h-2z M6 8h4v4l-2 2-2-2z"/>
</svg>
```

तपासताना झूम करून बघू नका. झूममध्ये सगळंच छान दिसतं. मी पंधरा-वीस टॅब उघडून, खुर्ची मागे सरकवून आपला टॅब शोधतो. शिवाय विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के करून पाहतो, कारण पुष्कळ लॅपटॉपवर ते तसंच असतं. तिथे १६ चे २० पिक्सेल होतात आणि ग्रिड मोडते. कडा थोड्या धूसर होणारच. पण दोन पिक्सेलचा तुकडा अडीचचा होतो आणि त्यात किमान एक पिक्सेल तरी पूर्ण भरलेला राहतो. एक पिक्सेलच्या रेषेला ही हमी नाही.

अ‍ॅपच्या आयकॉनची अडचण निराळी. फोनच्या स्क्रीनवर पिक्सेल भरपूर असतात, तिथे कमी पडते ती हातभर अंतरावरची नजर. म्हणून त्यासाठी नऊ पानांचा मधला साज वेगळा काढला. तो चौकटभर पसरवला, तर गोल आयकॉन दाखवणाऱ्या फोनवर वरची पानं छाटली गेली. अँड्रॉइडचा आयकॉन १०८ एककांच्या चौकटीत काढतात, पण मधलं ६६ व्यासाचं वर्तुळच कुठल्याही आकारात न कापता दिसतं. साज त्या वर्तुळात आणल्यावर काम झालं.

नवीन टॅब दाखवायला गेलो तेव्हा शेठजींनी चष्मा वर करून विचारलं, "पाचच?" मी म्हटलं, एकवीस बोर्डावर आहेत. ते बाहेर जाऊन मोजून आले.