पर्युषण आणि संवत्सरी कोणत्या तारखेला येणार, हे घरच्या दिनदर्शिकेवरून कसं काढावं

२०२५ च्या गणेश चतुर्थीला, दुपारची आरती झाल्यावर, मी उकडीच्या मोदकांची ताटली घेऊन समोरच्या दारात गेले. मुलुंडमधल्या आमच्या मजल्यावर चार घरं आहेत, त्यातली दोन जैनांची. तिथल्या गुजराती बांनी दार उघडलं, हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम’ म्हणत क्षमा मागितली आणि ताटलीकडे बघून क्षणभर थांबल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे संवत्सरी, म्हणजे पर्युषण या आठ दिवसांच्या पर्वाचा शेवटचा दिवस, होती आणि सगळ्या घराचा उपवास होता. ‘उद्या पारणं झालं की खा,’ असं मी सुचवलं. त्यावर त्या हळूच म्हणाल्या, ‘उद्यापर्यंत ते वासी होणार ना, रात्र गेलेलं आम्हाला चालत नाही.’ ताटली परत आणताना मला वाईट वाटलं ते मोदकांचं नव्हे. बारा वर्षं समोरासमोर राहून त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस मला ठाऊक नव्हता, याचं वाटलं.

त्यानंतर मी हा हिशोब नीट शिकून घेतला. आपल्या भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेवरून तो सहज करता येतो. फक्त सुरुवात शेवटच्या दिवसापासून करायची.

आधी पन्नास दिवसांचा अर्थ

पर्युषणाचं जुनं प्राकृत नाव ‘पज्जोसवणा’, म्हणजे एका जागी वस्ती करून राहणं. जैन साधू-साध्वी वर्षाचे आठ महिने पायी फिरतात. पावसाळ्यात मात्र जमिनीवर गवत, शेवाळ, किडे-मुंग्या इतक्या वाढतात की पाऊल टाकलं तरी जीव मरतात, म्हणून चार महिने एकाच गावात थांबायचं. हा चातुर्मास आषाढी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो आणि कार्तिकी पौर्णिमेला संपतो. आमच्या इमारतीमागच्या पायऱ्या जुलैअखेर हिरव्यागार होतात. त्या पायऱ्यांकडे पाहिलं की या नियमाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

कल्पसूत्र या जैन ग्रंथात म्हटलं आहे की पावसाळ्याचा एक महिना आणि वीस रात्री उलटल्यावर भगवान महावीरांनी पर्युषण केलं. तोपर्यंत का थांबायचं, याचं तिथे दिलेलं कारण मला फार आवडतं. तोवर गृहस्थांनी पावसासाठी आपापली घरं तयार केलेली असतात. चटया लावलेल्या असतात, भिंती रंगवलेल्या, जमिनी सारवलेल्या, पाणी वाहून जायला चर खणलेले असतात. म्हणजे साधूसाठी मुद्दाम काही करावं लागत नाही आणि त्या कामातल्या हिंसेचा वाटा त्याच्याकडे येत नाही.

जुन्या व्यवस्थेत आषाढी पौर्णिमेला योग्य जागा मिळाली नाही, तर साधू पाच दिवस पुढे बघत, मग आणखी पाच दिवस. असं करत पन्नासाव्या दिवशी मात्र थांबावंच लागे, मग जागा झाडाखालची का असेना. हा पन्नासावा दिवस म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी. ही तिथी म्हणजे अखेरची मुदत आहे. तिच्या अलीकडे चालेल, पलीकडे चालणार नाही. पुढचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

पायरी पहिली: पंचमी शोधा आणि पन्नास मोजून बघा

दिनदर्शिकेत गणेश चतुर्थी आणि ऋषिपंचमी शोधा. आता आषाढी पौर्णिमेपासून, म्हणजे आपल्या गुरुपौर्णिमेपासून मोजा. आषाढ वद्याच्या पंधरा तिथी, श्रावण शुद्धाच्या पंधरा, श्रावण वद्याच्या पंधरा आणि भाद्रपद शुद्धाच्या पाच, अशा बरोबर पन्नास. तिथून पुढे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सत्तर उरतात. समवायांग सूत्र या दुसऱ्या जैन ग्रंथात हे उरलेले सत्तरही सांगितले आहेत.

२०२५ मध्ये गुरुपौर्णिमा १० जुलैला होती आणि पंचमी २८ ऑगस्टला. तारखांनी मोजलं तर अंतर एकोणपन्नास दिवसांचं येतं. इथे पुष्कळांना वाटतं आपलं चुकलं. तसं नाही. तिथी ही चोवीस तासांपेक्षा सरासरीने थोडी लहान असते, म्हणून पन्नास तिथी साधारण एकोणपन्नास दिवसांत बसतात. मोजायच्या त्या तिथी, तारखा नव्हेत.

पायरी दुसरी: पंचमीवरून चतुर्थीवर या

मुंबईतले बहुसंख्य गुजराती जैन श्वेतांबर मूर्तिपूजक आहेत आणि त्यांची संवत्सरी पंचमीला नसून चतुर्थीला असते. हा बदल झाला तो आपल्या पैठणला, असं परंपरा सांगते. आचार्य कालक प्रतिष्ठानपुरात चातुर्मासाला होते. तिथल्या सातवाहन राजाने सांगितलं की पंचमीला नगरात इंद्रमहोत्सव असतो, लोकांसोबत मला तिकडे जावं लागेल, तर पर्युषण षष्ठीला ठेवा. आचार्यांनी नकार दिला. पंचमीची रात्र ओलांडता येत नाही. मग राजाने चतुर्थी सुचवली आणि ती त्यांनी मान्य केली, कारण अलीकडे येण्याची मुभा होती. मुदतीचा नियम मोडला नाही आणि सणांची टक्करही टळली. आज तीच चतुर्थी गणपतीच्या दिवसाला येऊन भिडते.

स्थानकवासी आणि तेरापंथी हे मूर्तिपूजा न करणारे श्वेतांबर पंथ पंचमीच धरतात. ती सूर्योदयाची धरायची की संध्याकाळच्या प्रतिक्रमणाच्या, म्हणजे दोषांची कबुली देऊन क्षमा मागण्याच्या विधीच्या, वेळेची, यावरून त्यांची तारीख एखाद्या दिवसाने बदलू शकते. म्हणून शेजारी त्या पंथाचे असतील तर जवळच्या जैन स्थानकातला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहातला, फलक वाचा. तिथे घरचा हिशोब पुरा पडत नाही.

पायरी तिसरी: सूर्योदयाची तिथी घ्या

जैन पंचांगात सामान्यतः सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. गणेश चतुर्थीसाठी मात्र आपण माध्यान्हाला चतुर्थी आहे का ते बघतो. बहुतेक वर्षी दोन्हींचा दिवस एकच येतो, पण दर वेळी येईलच असं नाही. २०२६ चं उदाहरण घ्या. चतुर्थी १४ सप्टेंबरला सकाळी सातनंतर लागते आणि १५ तारखेला पावणेआठच्या आत संपते. मुंबईत त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आत उगवतो. १४ तारखेला सूर्योदयाला तृतीया आहे, पण माध्यान्हाला चतुर्थी, म्हणून गणपती १४ तारखेला. सूर्योदयाची चतुर्थी मात्र १५ तारखेला मिळते, म्हणून या रीतीने संवत्सरी १५ तारखेला. ‘गणपतीच्या दिवशीच संवत्सरी’ असं पाठ करून ठेवलं, तर अशा वर्षी घोटाळा होतो.

पायरी चौथी: शेवटापासून आठ दिवस मागे या

‘पर्युषण श्रावण वद बारसला बसतं,’ हे वाक्य गुजराती घरांत कायम ऐकू येतं. २०२५ मध्ये ते जसंच्या तसं लागू पडलं. २० ऑगस्टला द्वादशी, मग त्रयोदशी, चतुर्दशी, २३ ला अमावास्या, २४ ला प्रतिपदा, आणि द्वितीया, तृतीया करत २७ ला चतुर्थी. बरोबर आठ दिवस.

२०२४ मध्ये मात्र बारसपासून मोजणारा फसला असता. त्या वर्षी अमावास्या २ सप्टेंबरला पहाटे लागली आणि ३ तारखेला सात वाजून गेल्यावर संपली. दोन्ही दिवशी सूर्योदयाला अमावास्याच होती, म्हणजे तिथीची वृद्धी झाली. ३० ऑगस्टच्या द्वादशीपासून ७ सप्टेंबरच्या चतुर्थीपर्यंत नऊ दिवस भरतात. पर्व आठ दिवसांचंच, आणि शेवटचा दिवस हलत नाही. म्हणून पर्युषण ३१ ऑगस्टला, त्रयोदशीला सुरू झालं. आधी संवत्सरी पक्की करा, मग तिच्यासकट आठ दिवस मागे मोजा. मधे तिथीचा क्षय असेल, म्हणजे एखादी तिथी कोणत्याच सूर्योदयाला नसेल, तर याच रीतीने सुरुवात एक दिवस अलीकडे सरकते.

आता नावाची एक अडचण. आमच्या मजल्यावरचं दुसरं जैन कुटुंब राजस्थानचं. ते याच दिवसाला ‘भादवा बदी बारस’ म्हणतात. गुजराती आणि मराठी महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, म्हणून वद्य पक्षाला त्यांच्याकडे पुढच्या महिन्याचं नाव मिळतं. दिवस तोच असतो. निरोपात ‘भाद्रपद वद्य’ वाचून आपण दिनदर्शिकेचं पुढचं पान उलटलं, तर थेट पितृपंधरवड्यात पोहोचतो.

अधिक महिना आला तर

२०२३ मध्ये अधिक श्रावण होता. गुरुपौर्णिमा ३ जुलैला, संवत्सरी १९ सप्टेंबरला. मधे अठ्ठ्याहत्तर दिवस गेले, पन्नास कुठे राहिले? मूर्तिपूजकांमधल्या तपागच्छ या शाखेचं उत्तर असं की अधिक महिना मोजणीत धरायचा नाही. कार्तिकी पौर्णिमा त्या वर्षी २७ नोव्हेंबरला होती, म्हणजे पुढचे सत्तर दिवस जवळपास शाबूत राहिले. त्यांच्यातल्याच खरतरगच्छ या दुसऱ्या शाखेचा भर पन्नासावर आहे. चातुर्मासात अधिक महिना पडला की दोन्ही आकडे एकदम पाळता येत नाहीत, आणि मतभेद तिथेच उभा राहतो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ चातुर्मासाच्या आधीच संपतो. तो सगळंच उशिरा ढकलतो, पण पन्नासाला धक्का लावत नाही.

दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व, म्हणजे त्यांचं पर्युषण, आपल्याला मोजायला सर्वांत सोपं. ते भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं. २०२५ मध्ये ते २८ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर असं होतं. सांगली-कोल्हापूरकडची मराठी जैन मंडळी मुख्यतः याच परंपरेची. ज्या दिवशी गिरगाव चौपाटीवर मोठं विसर्जन असतं, त्याच दिवशी त्यांच्या दहा दिवसांची सांगता होते.

२०२६ साठी मी दिनदर्शिकेवर ८ सप्टेंबरला पेन्सिलीने खूण केली आहे आणि १५ तारखेला गोल काढला आहे. यंदा मोदक १४ तारखेला होतील. तो बांचा सातवा दिवस, त्यामुळे ताटली त्या दिवशीही न्यायची नाही. १६ ला पारणं आहे. त्या सकाळी बांच्याकडे न्यायला ताजे मोदक करीन, आणि सारणात आलं चालत नाही हे आता मला माहीत आहे.