वस्तीवरच्या घरासाठी सोलर किट घेताय? आधी या चुका टाळा

मोहोळच्या पुढं आमच्या मामांची शेतात वस्ती आहे. विजेचे खांब गावापर्यंत आलेत, वस्तीपर्यंत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात मामांनी सोलापुरातल्या एका दुकानातून तीन बल्बचं सोलर किट आणलं. खोक्यावर ठळक अक्षरात 50 वॅट. पहिल्या रात्री सातला दिवे लावले आणि पावणेनऊला तिन्ही एकदम मिटले. जेवणं अर्धी राहिली. सकाळी फोन आला, "दुकानात तर लख्ख पेटत होतं की! मग इथं काय झालं?"

मी मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करतो, म्हणून असले फोन मलाच येतात. मल्टिमीटर घेऊन गेलो. तिथं जे दिसलं तेच इथं सांगतो, कारण फसलेल्या दहा किटांपैकी आठांची कहाणी हीच असते.

दुकानात बल्ब पेटवून बघणं

मामांची पहिली चूक हीच. दुकानदार बटण दाबतो, उजेड पडतो, आपण पैसे देतो. भरलेल्या बॅटरीवर कुठलाही बल्ब पाच मिनिटं झकास पेटतो. त्यानं बल्ब चांगला आहे एवढंच कळतं. तो किती तास चालेल हे बॅटरीवर ठरतं, आणि ती बॅटरी रोज भरेल का हे प्लेटवर. किटात घ्यायच्या वस्तू खरं तर या दोनच. बल्ब मागाहून कुठंही मिळतो.

खोक्यावरच्या 50 वॅटला तर काही अर्थच नव्हता. प्लेटच्या पाठीमागच्या चिकटपट्टीवर 10 वॅट लिहिलं होतं. तिन्ही बल्बवर प्रत्येकी 9 वॅट छापलेलं, पण करंट मोजला तर एक बल्ब जेमतेम 3 वॅट खात होता. म्हणून खोक्याचा दर्शनी भाग वाचूच नका. प्लेट उलटी करा आणि मागचं लेबल वाचा. लेबलच नसेल तर ते किट तिथंच ठेवून या.

नुसता एमएएच बघणं

बॅटरीवर 9000 एमएएच लिहिलं होतं. मामांच्या मोबाइलची बॅटरी 5000 ची, म्हणून त्यांना ही दुप्पट वाटली. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो व्होल्टनं गुणायचा. 9000 एमएएच म्हणजे 9 अँपिअर-अवर. ही बॅटरी 3.7 व्होल्टची, म्हणजे 33 वॅट-अवर. तेच 9 अँपिअर-अवर 12 व्होल्टच्या बॅटरीत असते तर 108 झाले असते. आकडा तोच, दम तिपटीचा. दुकानात दोन किटं शेजारी ठेवून तुलना करताना माणूस इथंच फसतो.

वॅट-अवरचा हिशेब मात्र सरळ आहे. 3 वॅटचा बल्ब एक तास चालला की 3 वॅट-अवर संपले. मामांचे तीन बल्ब मिळून तासाला 9 खात होते. बॅटरी खरंच 33 ची असती तर साडेतीन तास चालली असती. ती पावणेदोन तासांत उतरली, म्हणजे तिनं 16 च्या आसपासच दिले. अर्धे.

पण ते अर्धे का? बॅटरी मुळातच लहान होती, की प्लेट तिला अर्धीच भरत होती? हे कळायला काहीही उघडावं लागत नाही. बल्ब बंद ठेवून किट सलग दोन दिवस उन्हात भरू द्यायचं. मग तिसऱ्या रात्री सगळे दिवे लावून घड्याळ बघायचं. दिवे जास्त वेळ चालले, तर बॅटरीत जागा आहे, प्लेट कमी पडते. तेवढाच वेळ चालले, तर बॅटरीच तेवढी आहे. मामांकडं दोन दिवस भरूनही पावणेदोन तासच. बॅटरीवरचा आकडा खोटा निघाला. नंतर डबी उघडली तर आत बोटाएवढे तीन सेल होते. या आकाराचा चांगला सेलसुद्धा सहसा 3500 एमएएचच्या पुढं जात नाही आणि स्वस्तातला 1500 ला थकतो. एकाच सेलवर 9900 लिहिलेले कंदील बाजारात दिसतात. तसा सेल अजून कुणी बनवलेला नाही.

प्लेट न तपासता घेणं

हे काम दुकानाच्या दारात पाच मिनिटांत होतं, आणि सगळ्यात उपयोगी हेच आहे. साधा मल्टिमीटर बरोबर न्या किंवा वायरमन मित्राला न्या. वेळ दुपारी बारा ते दीडची. सकाळच्या तिरप्या उन्हात चांगली प्लेटही कमी दाखवते.

बरेच जण फक्त व्होल्ट मोजतात आणि खूश होतात. व्होल्ट फसवतात. कोपऱ्यातल्या मंद उजेडातही प्लेट जवळजवळ पूर्ण व्होल्ट दाखवते. मोजायचा तो करंट. मागच्या लेबलवर Isc असा आकडा असतो, तो बघून ठेवा. प्लेट किटापासून सोडवा, उन्हाच्या बरोबर तोंडासमोर धरा. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला, बटण डीसी अँपिअरवर आणा आणि दोन्ही टोकं सरळ प्लेटच्या दोन वायरींना लावा. प्लेटचं त्यानं काही बिघडत नाही. पण हाच प्रयोग बॅटरीवर चुकूनही करू नका, वायर वितळेल, हात भाजेल. आणि मोजून झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात आणा. तशीच ठेवून कुणी बॅटरीला लावली की पुन्हा तेच.

लेबलवरच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी दिसलं तर चालवून घ्या, आपलं ऊन म्हणजे काही प्रयोगशाळेतला दिवा नव्हे. मामांच्या प्लेटवर 1.8 अँपिअर लिहिलं होतं, मीटरनं 0.9 दाखवलं. म्हणजे 10 वॅटची म्हणून घेतलेली प्लेट 5 वॅटची. बॅटरीही अर्धी, प्लेटही अर्धी. जोडी तेवढी जुळली होती.

उन्हाळ्यात घेतलं, म्हणजे पावसाळ्यात चालेल असं धरणं

सोलापूरला ऊन भरपूर, मग प्लेट लहान असली तरी चालते, असं दुकानदार हमखास सांगतो. दोन गोष्टी तो सांगत नाही. एक, प्लेटला उजेड हवा असतो, उष्णता नको. लेबलवरचे वॅट प्लेट 25 अंशांवर असतानाचे असतात. मे महिन्यात आपल्याकडं हवाच चाळिशीच्या पुढं जाते, तेव्हा प्लेट 65 पर्यंत तापते आणि दर अंशामागं साधारण 0.4 टक्के घटत जाते. म्हणजे भर उन्हात सहावा भाग गेलाच. दुसरी, आपला मोठा पाऊस येतो सप्टेंबरात, तेव्हा दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही. नेमका तेव्हाच रात्री साप-विंचवाचा धाक जास्त असतो.

मामांच्या घरचा हिशेब आम्ही माळवदावर बसून कागदावर मांडला. स्वयंपाकघरात 3 वॅट 3 तास, 9. पडवीत 5 वॅट 4 तास, 20. गोठ्यात 3 वॅट 2 तास, 6. रात्रभराचा 1 वॅटचा दिवा 9 तास, 9. हे झाले 44. मामी म्हणाल्या, "आणि मोबाइल?" मोबाइल कुणी धरतच नाही! एक मोबाइल पूर्ण भरायला गळतीसकट 25 लागतात, म्हणजे 3 वॅटचा बल्ब आठ तास लावल्यासारखं. एकूण धरले 70. आणि जुनं किट देत होतं 16.

प्लेटचा अंदाज असा काढला. ढगाळ दिवस मिसळून पूर्ण ताकदीचं ऊन दिवसाला 4 तास धरायचं. तापणं, धूळ, वायर आणि भरताना होणारी गळती मिळून तिसरा हिस्सा वजा करायचा. 40 वॅटची प्लेट अशी दिवसाला शंभराच्या आसपास देते, 70 काढून थोडं उरतं, ते आदल्या अंधाऱ्या दिवसाची भरपाई करतं. बॅटरी घेतली 12.8 व्होल्ट, 12 अँपिअर-अवरची. गुणाकार 154, त्यातले 80 टक्के वापरायचे. उन्हाशिवाय जवळजवळ दोन रात्री निघतात.

पंखा यात बसत नाही. 15 वॅटचा डीसी पंखा रात्री आठ तास फिरला तर एकटाच 120 खातो. "याच किटावर पंखाही चालतो" असं कुणी म्हणालं तर किती वेळ, ते विचारा.

बॅटरी कुठली, हे न विचारणं

लेबलवर LiFePO4 असेल ती घ्या, हा लिथियमचाच एक प्रकार. महाग पडते, पण उष्णता सोसते आणि नीट वापरली तर अनेक वर्षं टिकते. सीलबंद लेड ॲसिड स्वस्त आहे, पण तिचा हिशेब अर्धाच धरावा लागतो. रोज पूर्ण उतरवली की वर्षभरातही बसू शकते, आणि कायम गरम जागी ठेवली तर आयुष्य निम्म्यावर येतं. लिथियम बॅटरीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि R- नं सुरू होणारा नंबर असतो. तो मोबाइलवरच्या BIS Care ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. वेगळंच नाव आलं, तर काय समजायचं ते समजा. बॅटरी बदलता येते का, तेही विचारून घ्या. चिकटवून बंद केलेली डबी बॅटरीबरोबरच भंगारात जाते.

बसवताना एवढं बघा. प्लेट दक्षिणेकडं तोंड करून, वीसेक अंश कलती. लिंबाच्या फांदीची एक सावलीची पट्टी पडली तरी अर्धा करंट जातो. बॅटरी पत्र्याखाली नको, खाली भिंतीच्या सावलीला ठेवा. किटाबरोबरची केसासारखी वायर जोडून-जोडून लांबवू नका. मामांची प्लेट माळवदापासून 15 मीटरवर कडब्याच्या गंजीशेजारी लावायची होती. तेवढ्या अंतरात अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या वायरीत अडीच व्होल्ट नुसते विरले असते. प्लेट माळवदावरच घेतली आणि वायर 2.5 ची टाकली.

जुनं किट दुकानदारानं परत घेतलं नाही, कारण बिलावर फक्त "सोलर सेट" एवढंच लिहिलं होतं. नव्याच्या बिलावर प्लेटचे वॅट, बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहून घेतले. जुन्याचे दोन बल्ब काढले, एक ठेवला. एका बल्बला 16 वॅट-अवर पाच तास पुरतात. तो आता गोठ्यात असतो.